फोटोतल्या चिठ्ठीवरून गोळ्यांचं वेळापत्रक: कुठवर आपण वाचायचं आणि कुठे फार्मासिस्टला विचारायचं

प्रश्न: आमचे आप्पा (वय ७१) पारोळा तालुक्यात गावी असतात, मी पुण्यात. जळगावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पुतण्याने पाठवलाय, नाव झाकून सोबत टाकतोय. साखर, बीपी, हृदय सगळंच आहे. भिंतीवर लावायला रोजचं टाइमटेबल करायचंय, पण दोन-तीन नावं लागतच नाहीत. कसं करू?

उत्तर:

दादा, मी अमळनेरला मेडिकलच्या काउंटरवर बसणारा फार्मासिस्ट. अशा चिठ्ठ्या वाचण्यातच माझा दिवस जातो. तुमचा फोटो मोठा करून दोनदा पाहिला. तुम्हाला वाटतंय की अडचण अक्षराची आहे. मला ती दुसरीच दिसते. जी नावं लागत नाहीत ती तुम्ही कुणाला तरी विचारालच, त्यामुळे त्यांची मला एवढी काळजी नाही. काळजी आहे ती लागल्यासारखी वाटणाऱ्या नावांची. त्यामुळे टाइमटेबल करण्याआधी कुठली ओळ खरंच वाचली आणि कुठली अंदाजाने लावली, हे वेगळं काढायला हवं.

सुरुवात फोटोपासून. चिठ्ठी खिशात चौघडी करून ठेवलेली होती, हे घडीवरून दिसतंय, आणि एक घडी बरोबर तिसऱ्या ओळीतल्या आकड्यावरून गेलीय. पुतण्याला पुन्हा फोटो काढायला सांगा. कागद वहीवर सपाट दाबून, दाराशी उजेडात, फ्लॅश न मारता, मोबाइल कागदाला समांतर धरून. एक फोटो पूर्ण चिठ्ठीचा, मग दोन-दोन ओळींचे जवळून, आणि पाठची बाजूसुद्धा. घडीच्या जागी मोबाइलची बॅटरी कागदाच्या कडेने तिरपी मारली तर बॉलपेनने दाबलेली खाच दिसते, शाई उडालेली असली तरी. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. एरवी तो आकसतो आणि आधी मरतात ते बारीक ठिपके आणि शून्यं.

आता कोऱ्या कागदावर चिठ्ठी जशीच्या तशी उतरवा. दिसतं तेवढंच लिहा, न लागणाऱ्या अक्षराच्या जागी रेघ ओढा. या टप्प्यावर नेटवर शोधू नका. एकदा का शोधात एखादं नाव समोर आलं की डोळ्याला चिठ्ठीतही तेच दिसायला लागतं. काउंटरवर नव्या पोरांना मी हेच सांगतो: आधी लिही, मग ओळख.

प्रत्येक ओळ पाच तुकड्यांत मोडा: गोळी की कॅप्सूल की सिरप, नाव, ताकद म्हणजे किती मिलिग्रॅम, दिवसातून कधी, आणि किती दिवस. तुमच्या पहिल्या ओळीवर हे करून पाहू. 'टॅब पॅन ४०, १-०-०, बीबीएफ, २/५२'. नाव स्वच्छ आहे, ताकद ४०. १-०-० म्हणजे सकाळी एक, दुपारी आणि रात्री नाही. बीबीएफ म्हणजे न्याहारीच्या आधी. शेवटचं २/५२ पाहून लोक गोळीचा तुकडा करायला जातात. तो अपूर्णांक नाही, वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी दोन, म्हणजे दोन आठवडे. तसंच ५/७ म्हणजे पाच दिवस आणि १/१२ म्हणजे एक महिना. तेव्हा पॅनची ओळ टाइमटेबलवर येताना शेवटची तारीख घालूनच आली पाहिजे, नाहीतर आप्पा ती गोळी वर्षभर घेत बसतील.

आता शंकेच्या ओळींकडे वळू. सहाव्या ओळीत 'ॲ'ने सुरू होणारं नाव आहे, मध्ये 'ट', पुढे नुसतं लोळण, मग २० आणि ०-०-१. तुम्ही कदाचित 'ॲटेन' वाचलं असेल, कारण बीपीवाल्यांच्या घरात ते नाव ऐकलेलं असतं. पण ॲटेन म्हणजे अटेनोलॉल, आणि ती गोळी २५, ५० आणि १०० मध्ये मिळते. २० मध्ये नाही. ॲटॉर्वा, म्हणजे कोलेस्टेरॉलची अटोर्व्हास्टॅटिन, १०, २०, ४० आणि ८० मध्ये येते, आणि बहुतेक डॉक्टर ती रात्रीच देतात. म्हणजे आकडा आणि वेळ दोन्ही एकाच नावाकडे बोट दाखवतात. ही ओळ मी 'जवळजवळ पक्की' धरीन आणि दुकानात एकदा दाखवून घेईन.

हे आकड्याचं तपासणं आमच्या धंद्यात किती मोलाचं आहे ते एका जुन्या प्रकरणावरून सांगतो. १९९५ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये एका हृदयरोग्याला डॉक्टरांनी आयसॉर्डिल लिहून दिली, २० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. दुकानात ती प्लेन्डिल वाचली गेली आणि तशीच दिली गेली. प्लेन्डिलचा दिवसभराचा कमाल डोस १० मिलिग्रॅम. चिठ्ठीप्रमाणे तो ८० झाला. पेशंट दगावला, आणि १९९९ मध्ये ज्यूरीने डॉक्टर आणि दुकान दोघांनाही जबाबदार धरलं. अक्षर वाईट होतंच, पण आकडा त्या नावात बसत नव्हता आणि त्यावर कुणी थांबलं नाही. आपल्याकडे २०१६ पासून मेडिकल कौन्सिलचा नियमच आहे की औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरात लिहावं. किती पाळला जातो ते तुमच्या फोटोत दिसतंच आहे.

पण प्रत्येक वेळी आकडा सोडवत नाही. तुमची तिसरी ओळ बघा. 'टॅब मेट', पुढे एक वळसा, मग ५०, आणि तिथेच ती घडी. ओळीच्या शेवटी १-०-०. घडीखाली आणखी एक शून्य असेल तर ते ५०० होतात, आणि मग ही मेटफॉर्मिन, साखरेची. शून्य नसेल तर ही मेट एक्सएल ५०, म्हणजे मेटोप्रोलॉल, हृदयाचे ठोके आणि बीपी आवरणारी. मेटफॉर्मिन ५० मध्ये येत नाही आणि मेटोप्रोलॉल ५०० मध्ये येत नाही. सगळं त्या एका शून्यावर अडलंय. वेळेवरूनही फरक कळत नाही, दोन्ही सकाळी एक देता येतात. आजारावरूनही कळत नाही, आप्पांना दोन्ही आजार आहेत.

माझा कल मेटोप्रोलॉलकडे आहे. कारण पाचव्या ओळीत ग्लायकोमेट जीपी आहे आणि तिच्यात मेटफॉर्मिन आधीच असते. पण डॉक्टर कधी कधी वरून वेगळी मेटफॉर्मिनही वाढवतात, त्यामुळे माझा कल हा पुरावा नाही. कल टाइमटेबलात लिहायचा नसतो. ही ओळ लाल पेनने चौकटीत घ्या आणि वेळांच्या तक्त्याबाहेर ठेवा.

एक मात्र लगेच सांगतो. शंका आहे म्हणून गोळी बंद, असं करू नका. आप्पा मेटोप्रोलॉल आधीपासून घेत असतील आणि आता चार दिवस ती थांबली, तर ठोके अचानक वाढू शकतात, छातीत दुखूही शकतं. म्हणून ही शंका आजच्या आज फोनवर सोडवायची आहे, पुढच्या तपासणीपर्यंत ठेवायची नाही.

दुसऱ्या ओळीतली शंका वेगळ्या जातीची आहे. 'इकोस्प्रिन' स्वच्छ वाचता येतंय, ०-१-० सुद्धा. पण नावानंतरची शेपटी ७५ आहे की एव्ही ७५, ते कळत नाही. नुसती इकोस्प्रिन ७५ म्हणजे रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन. एव्ही असेल तर तिच्यात ॲस्पिरिनबरोबर अटोर्व्हास्टॅटिनही आली, आणि सहाव्या ओळीत ती रात्री वेगळी आहेच, म्हणजे दुहेरी झाली. अशी नावं लोकांना फसवतात, कारण अर्धं नाव ओळखीचं असलं की उरलेल्याकडे लक्ष जात नाही. जीपी, एव्ही, एच, एएम, डी ही मागची अक्षरं नावाइतकीच महत्त्वाची. ती लागली नाहीत तर नाव लागलं नाही असंच धरा.

पाचव्या ओळीत 'जीपी' नंतर १, १, ०, १ असे चार आकडे एका रांगेत आहेत. पहिला १ ताकदीचा, पुढचे तीन वेळेचे, असं मी वाचतो. जीपी १ आणि जीपी २ दोन्ही मिळतात, त्यामुळे पहिला आकडा नक्की १ च आहे ना, हे विचारून घ्या. चौथी ओळ, डायटॉर १०, १-०-०, हिच्याबद्दल मला शंका नाही. ही लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी गोळी, म्हणून सकाळीच. रात्री घेतली तर आप्पांची झोप अंगणाच्या फेऱ्यांत जाईल, आणि अंधारात पडण्याची भीती वेगळीच.

आता विचारायचं कसं. सगळ्यात चांगला माणूस म्हणजे त्या दवाखान्याशेजारचा मेडिकलवाला. तो त्या डॉक्टरांचं अक्षर रोज वाचतो. डॉक्टरांच्या लेटरहेडवर बहुतेक वेळा फोन नंबर असतोच. पण फोन करून "दादा, तिसरी मेट एक्सएल आहे ना?" असं विचारू नका. घाईच्या वेळी समोरचा "हो हो" म्हणून मोकळा होतो. ओळीचा फोटो पाठवा आणि म्हणा, "ही ओळ वाचून सांगा, नाव, ताकद आणि वेळ." तुमचं वाचन त्याला सांगायचंच नाही. त्याचं उत्तर आलं की तुमच्या कागदाशी ताडून बघा. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता एकच वाचलं, तरच ते पक्कं. त्यालाही अडलं तर तो डॉक्टरांना विचारेल, ते त्याचं कामच आहे. तुम्ही फक्त म्हणा, "डॉक्टरांना विचारून सांगा, थांबतो मी."

औषधं आधीच घेतली असतील तर बिल आणि स्ट्रिपचे फोटोही मागवा, दोन्ही बाजूंनी. नावाच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेलं असतं, ते वाचा. मात्र स्ट्रिपवरून एवढंच कळतं की दुकानदाराने काय वाचलं. डॉक्टरांनी काय लिहिलं ते तिच्यावरून सिद्ध होत नाही. बिल आणि तुमचा अंदाज जुळला तरी लाल चौकटीची ओळ विचारूनच पक्की करा, विशेषतः घराजवळच्या वेगळ्या दुकानातून घेतली असेल तर.

वेळा लावताना घड्याळापेक्षा आप्पांचं जेवण बघा. खेड्यात सकाळी सहाला चहा होतो आणि भाकरी पोटात जाते नऊ-दहाला. चिठ्ठीतली 'सकाळ' म्हणजे तो चहा नव्हे. ग्लायकोमेट जीपीत ग्लिमेपिराइड असते, ती साखर खाली ओढते. ती नुसत्या चहावर घेऊन आप्पा मळ्यात गेले तर दहाच्या आत घाम, थरथर, चक्कर. म्हणून ती न्याहारीला बसतानाच, ताट समोर आल्यावर. ज्या दिवशी जेवण होणार नाही, उपास आहे किंवा उलट्या होताहेत, त्या दिवशी काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून तक्त्याखाली लिहून ठेवा. आप्पांचा दिवस कसा जातो ते मला माहीत नाही. ते अजून रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जात असतील तर रात्रीची वेळही त्याप्रमाणे बसवावी लागेल.

लाल चौकटी सुटल्यावर तक्ता साधारण असा दिसेल. तोवर पेन्सिलीने ठेवा, भिंतीवर नको.

| कधी | गोळी | कसं |
|---|---|---|
| न्याहारीच्या अर्धा तास आधी | पॅन ४०, एक | पाण्याबरोबर. शेवटची तारीख ____ |
| न्याहारीला बसताना | ग्लायकोमेट जीपी __, एक | ताट समोर आल्यावरच |
| न्याहारीनंतर | डायटॉर १०, एक | |
| दुपारी जेवल्यावर | इकोस्प्रिन ____, एक | चावायची नाही |
| रात्री जेवायला बसताना | ग्लायकोमेट जीपी __, एक | जेवण असेल तरच |
| रात्री झोपताना | ॲटॉर्वा २०, एक | दुकानात दाखवून |
| विचारायचं | मेट ____ ५० की ५०० | आजच |

रिकाम्या जागा मुद्दाम ठेवल्यात. त्या भरल्याशिवाय कुणी तक्ता पक्का समजू नये, म्हणून. तिसरी ओळ सुटली की ती वेळेच्या रांगेत चढवा. एक्सएल किंवा एसआर असलेली गोळी चुरून द्यायची नाही, तिचं औषध दिवसभर सावकाश सुटावं म्हणून ती तशी बनवलेली असते. रंग मात्र लिहू नका. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची आली की 'पांढरी गोळी' गुलाबी होते आणि घरात वाद. स्ट्रिपवरचं नाव आणि खाली मूळ नाव, एवढं पुरे. आप्पांना अक्षर बारीक वाटत असेल तर चालू स्ट्रिपचा रिकामा कापलेला तुकडाच त्या रांगेत चिकटवा, औषध बदललं की तोही बदला.

सातवी ओळ, सॉर्बिट्रेट ५ एसओएस, तक्त्यात कुठेच नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. एसओएस म्हणजे लागेल तेव्हाच. ही छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी, आणि ती बसूनच घ्यायची, कारण बीपी उतरून चक्कर येऊ शकते. ती रोजच्या वेळांत घुसली तर कुणीतरी ती रोज देईल. तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी करा आणि त्यावर लिहा: पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८.

तुमच्या चिठ्ठीत नाही, पण पुढे कधी येऊ शकतं म्हणून एक सांगून ठेवतो. काही औषधं आठवड्यातून एकदाच असतात. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी तशी, आणि सांधेवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेटही. चिठ्ठीत '०-०-१' आणि पुढे छोट्या अक्षरात 'रवि' असं काहीतरी असतं. तो 'रवि' सुटला आणि मेथोट्रेक्सेट रोज गेली तर जिवावर बेततं. अशी ओळ रोजच्या तक्त्यात कधीच घेऊ नका. तिच्यासाठी कॅलेंडरवर त्या-त्या वाराला गोल करा.

आणि शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही प्रश्नात लिहिली नाहीत. सातव्या ओळीच्या खाली, सहीच्या वर, तीन अक्षरं आहेत. मला ती 'सीएसटी' वाटतात. तसं असेल तर अर्थ असा की आधीचं चालू असलेलं तसंच चालू ठेवा. म्हणजे आप्पांच्या काही गोळ्या या फोटोत नाहीतच, त्या मागच्या चिठ्ठीवर आहेत. दुकानदाराला ही तीन अक्षरंही वाचायला लावा, आणि जुनी चिठ्ठी पिशवीत असेल तर पुतण्याकडून तिचाही फोटो मागवा. नवी चिठ्ठी आणि जुनी चिठ्ठी शेजारी ठेवून डॉक्टरांकडून खात्री झाली की मगच आप्पांच्या गोळ्या सात की नऊ ते कळेल. तोवर घरात जुन्या स्ट्रिप पडल्या असतील तर फेकू नका, वेगळ्या डब्यात ठेवा.